दवाखान्याचं बिल विमा भरेल, मावशींचा पगार कुठून येईल?

प्रश्न: माझी आई ८२ वर्षांची आहे. सध्या हिंडती-फिरती आहे, पण सांगलीत एकटीच असते. वडील निवृत्त शिक्षक होते, त्यांच्या पश्चात तिला २४ हजार फॅमिली पेन्शन मिळते. तिच्या नावावर नऊ लाखांच्या एफडी आणि राहता फ्लॅट आहे. मी पुण्यात आयटीत आहे, कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईला चार लाखांचं कव्हर आहे. आयुष्मानचं ज्येष्ठांचं कार्डही काढलंय. उद्या ती अंथरुणाला खिळली तर यातून काय काय भागेल? आणि बाजूला नेमके किती पैसे ठेवू?

उत्तर: अंथरुणाला खिळल्यावर जो खर्च सुरू होतो, त्यातला जवळजवळ काहीच भाग या दोन्ही कव्हरमधून निघणार नाही. ती दोन्ही कव्हर दवाखान्यातल्या खाटेसाठी आहेत, घरातल्या खाटेसाठी नाहीत. कुटुंबांचं आर्थिक नियोजन आणि त्यांचे क्लेम हे काम मी बावीस वर्षं करतोय. सगळ्यात जास्त माणसं अडकताना मी इथेच पाहिली आहेत. कव्हर असतं, कार्ड असतं, सगळे निर्धास्त असतात आणि डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवशी रुग्णाला सांभाळायला नर्सिंग ब्युरोने पाठवलेल्या मावशी दारात उभ्या राहतात. त्यांचा पगार कोणी द्यायचा, हे घरात कोणी ठरवलेलंच नसतं.

कंपनीच्या मेडिक्लेमपासून सुरुवात करू. एचआरकडून पॉलिसीची पूर्ण पीडीएफ मागवा. दोन पानी माहितीपत्रक नको, पूर्ण वर्डिंग हवं. त्यात `Excl05` शोधा. विमा नियामकाने सगळ्या आरोग्य विमा कंपन्यांसाठी काही वगळण्या एकसारख्या भाषेत लिहून दिल्या आहेत, त्यांतली ही एक. तिचा अर्थ असा की केवळ विश्रांतीसाठी दाखल केलं असेल तर पैसे मिळणार नाहीत. त्याचबरोबर आंघोळ घालणं, कपडे बदलणं, उठवणं-बसवणं अशा रोजच्या मदतीचेही पैसे मिळणार नाहीत. ही मदत घरी मिळो की एखाद्या संस्थेत, प्रशिक्षित नर्स करो की साधी मदतनीस, कुठल्याच बाबतीत नाही. म्हणजे म्हातारपणी ज्याला आपण ‘सांभाळणं’ म्हणतो, ते सगळं नाव घेऊन बाहेर ठेवलेलं आहे. त्यामुळे डॉक्टरांनी ‘चोवीस तास अटेंडंट आवश्यक’ असं लिहून दिलं, तरी मावशींचं बिल क्लेममध्ये लागत नाही. त्या चिठ्ठीसाठी माणसं डॉक्टरांकडे खेटे घालतात, म्हणून हे स्पष्ट सांगतोय.

याच वगळणीचा फटका आणखी एका ठिकाणी बसतो. घरची तयारी झालेली नसते, खाट आलेली नसते, मावशी ठरलेल्या नसतात, म्हणून कुटुंब दवाखान्याला विनंती करतं की आणखी चार दिवस ठेवून घ्या. दवाखाना ठेवतोही. पण क्लेम तपासणारा माणूस रोजचे केसपेपर काढून बघतो. शेवटच्या चार दिवसांत फक्त तोंडाने घ्यायच्या गोळ्या, बीपी-नाडी ठीक आणि डॉक्टरांचा राउंड एवढंच दिसलं, तर तेवढ्या दिवसांचे पैसे कापले जातात. सलाइन सुटलं आणि इंजेक्शनं बंद होऊन गोळ्या सुरू झाल्या की समजायचं, आता विम्याचं मीटर थांबत आलंय. त्या दिवसापासून घराच्या तयारीला लागायचं.

पॉलिसीत ‘डोमिसिलियरी’ असा एक शब्द दिसेल आणि जीव भांड्यात पडेल. घरच्या सांभाळाशी त्याचा संबंध नाही. ज्या आजारासाठी खरं तर दाखलच करायला हवं, पण रुग्णाला हलवणं शक्य नाही किंवा दवाखान्यात खाट नाही, अशा वेळी घरी झालेल्या उपचारांसाठी ती तरतूद असते. त्यातही बहुतेक पॉलिसींत उपचार तीन दिवसांपेक्षा जास्त चालावे लागतात. न्यूमोनियाला घरी सलाइन-इंजेक्शनं चालू असतील तर तिचा उपयोग होऊ शकतो. वर्षभर डायपर बदलण्याला होत नाही.

आता एका कुटुंबाचा हिशेब मांडतो. त्यांच्या संमतीने सांगतोय, नावगाव सोडून.

२०२२ च्या पावसाळ्यात ८४ वर्षांच्या आजी पहाटे बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. खाजगी दवाखान्यात अर्धा सांधा बदलायची शस्त्रक्रिया झाली. नऊ दिवस मुक्काम, बिल ३,४०,००० रुपये. मुलाच्या कंपनीचं कव्हर चार लाखांचं, म्हणजे तुमच्याइतकंच. सगळे म्हणाले, बिल कव्हरच्या आत आहे, काळजी नको. प्रत्यक्षात काय झालं ते पाहा. हातमोजे, अंडरपॅड, नोंदणी शुल्क असे ‘नॉन-पेएबल’ २४ हजार आधी गेले. खोलीभाड्याची मर्यादा कव्हरच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला चार हजार होती. त्यांनी सहा हजारांची खोली घेतली होती. तिथे फक्त वरचे दोन हजार जात नाहीत. खोली, सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळे आकार त्याच प्रमाणात, म्हणजे एक तृतीयांश कापले जातात. औषधं आणि आत बसवलेला सांधा यांना ही कात्री लागत नाही. हे आकार १,८०,००० होते, त्यांतले ६० हजार गेले. उरले २,५६,०००. आईवडिलांच्या क्लेमवर वीस टक्के को-पे, म्हणजे आपण खिशातून भरायचा वाटा, ते ५१,२०० झाले. विमा कंपनीने भरले २,०४,८००, घरच्यांनी १,३५,२००.

आजी घरी आल्या. पहिले तीन महिने दिवसाची एक आणि रात्रीची एक अशा दोन मावशी ठेवाव्या लागल्या. एका बारा तासांच्या ड्युटीचे ८०० रुपये, म्हणजे महिन्याला ४८ हजार. आजी वॉकरवर चार पावलं टाकू लागल्यावर घरातच राहणाऱ्या एकच मावशी ठेवल्या, ३० हजारांवर. डायपर, अंडरपॅड, मलमं, प्रोटीन पावडर आणि नेहमीची औषधं मिळून महिन्याला साडेसात हजार. खाट, हवेची गादी, कमोड चेअर यांना ३५ हजार. फिजिओथेरपिस्टच्या चोवीस फेऱ्यांचे १२ हजार. डिस्चार्जनंतरचे साठ दिवस पॉलिसीत धरले होते आणि फिजिओथेरपी डॉक्टरांनी लिहून दिली होती, त्यामुळे को-पे वजा जाऊन ९,६०० परत आले. त्याच फाइलमध्ये मावशींच्या दोन महिन्यांच्या ९६ हजारांच्या पावत्याही लावल्या होत्या. त्या `Excl05` चा उल्लेख करून परत आल्या.

दुखण्यानंतर आजी सव्वीस महिने जगल्या. घरच्या सांभाळाची बेरीज १०,७६,००० झाली आणि त्यावर विम्याचे आले ९,६००. मुलाची मिळकत चांगली होती म्हणून निभावलं. पण आजींच्या शेवटच्या वर्षात तो मला म्हणाला होता, “काका, आईने जगावं असं वाटतं आणि महिनाअखेर आली की स्वतःचीच लाज वाटते.” ही वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हिशेब आजच करायचा.

आयुष्मान वय वंदना कार्ड तुम्ही काढलंत हे फार चांगलं केलंत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पार केलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंत दवाखान्याचा खर्च यातून मिळतो. घरात सत्तरीपुढचे दोघे असतील तर पाच लाख दोघांत मिळून. खाजगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड चालतं, म्हणून तुमच्या आईला दोन्ही ठेवता येतात. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना मात्र सीजीएचएस ही त्यांची आरोग्य योजना आणि हे कार्ड यांतलं एकच निवडावं लागतं. निवड करण्याआधी त्यांनी एक लक्षात घ्यावं: सीजीएचएसमध्ये बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधं मिळतात, या कार्डावर मिळत नाहीत. ऐंशीच्या पुढे दर महिन्याच्या गोळ्यांचा खर्च मोठा असतो, त्यामुळे सीजीएचएस असलेल्याने ते सोडू नये असं माझं मत आहे.

कार्डावर दाखल झाल्यापासूनचा खर्च ठरलेल्या पॅकेजप्रमाणे दवाखान्याला थेट मिळतो. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि डिस्चार्जनंतरच्या पंधरा दिवसांची औषधं-तपासण्या त्यात येतात. सोळाव्या दिवसापासून तुमचं तुम्ही. मावशी, डायपर, घरची खाट इथेही नाही.

हे कार्ड ऐनवेळी फसतं ते दवाखान्याच्या निवडीत. दवाखाना योजनेत असतो, पण सगळ्या विभागांसाठी असेलच असं नाही. हृदयरोगासाठी नोंदलेल्या दवाखान्यात खुब्याचं ऑपरेशन कार्डावर होणार नाही. म्हणून आजच, सगळे शांत असताना, `hospitals.pmjay.gov.in` वर सांगली-मिरजेतले दवाखाने विभागानुसार बघा. हाडं, मेंदू आणि हृदय या तिन्हींसाठी एकेक नाव कागदावर उतरवा. मग त्या दवाखान्यांत योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी जाऊन प्रत्यक्ष विचारा की या प्रकारच्या केस तुम्ही कार्डावर घेता का. वेबसाइटवर नाव असणं आणि टेबलावरच्या माणसाने ‘हो, घेतो’ म्हणणं यांत फरक पडतो. तो कागद आईच्या शेजाऱ्यांकडेही देऊन ठेवा, कारण पहिला फोन त्यांनाच जाणार आहे.

नोकरीच्या कव्हरची दोरी तुमच्या नोकरीला बांधलेली आहे. राजीनामा, कपात, लवकर निवृत्ती, काहीही झालं की शेवटच्या दिवशी आईचं कव्हर संपतं. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि जुन्या आजारांच्या प्रतीक्षेचा जो काळ ग्रुपमध्ये भरला असेल तो धरला जातो. मात्र अर्ज कव्हर संपण्याआधी द्यावा लागतो. नोकरी गेल्यावर महिन्याने आठवण झाली तर पुन्हा शून्यापासून सुरुवात, म्हणजे जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबणं. ८२ व्या वर्षी तीन वर्षं थांबायचं म्हणजे काय, हे सांगायला नको.

मग आईसाठी आताच वेगळी पॉलिसी काढावी का? एप्रिल २०२४ पासून ६५ वर्षांची प्रवेशमर्यादा उठली आहे, त्यामुळे काढता येते. तुमच्या बाबतीत मी काढू नका म्हणेन. या वयात पाच लाखांच्या पॉलिसीचा हप्ता वर्षाला साठ-सत्तर हजारांच्या पुढे जाताना मी पाहिला आहे, त्यावर प्रतीक्षाकाळ आणि को-पे वेगळे. दवाखान्यासाठी तुमच्याकडे दोन कव्हर आहेत. तिसरं घेऊनही घरच्या सांभाळाचं भोक तसंच राहतं. तो हप्ता सांभाळाच्या निधीत टाकलेला बरा.

परदेशातल्या मराठी मंडळींकडून ऐकून काहीजण विचारतात की आपल्याकडे सांभाळाचा विमा नाही का. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये अशा खर्चासाठी सक्तीचा विमा सुरू केला, कमावत्या वयापासून त्याची वर्गणी भरतात. आपल्याकडे अशी सरकारी व्यवस्था नाही. सरकारकडून जे थेट हातात येतं ते थोडं आणि गरजू कुटुंबांसाठी आहे. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार वार्षिक २१ हजारांच्या आतल्या उत्पन्नाला मिळतात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे चष्मा-वॉकर-कमोड खुर्चीसाठी एकदाच तीन हजार, दोन लाखांच्या आतल्या उत्पन्नाला. तुमच्या आई दोन्हींत बसत नाहीत. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या सासूबाई कदाचित बसतील, त्यांना जरूर सांगा. ज्यांनी ईएसआयसी म्हणजे कामगार राज्य विमा लागू असलेल्या नोकरीत किमान पाच वर्षं काढून निवृत्ती घेतली आहे, त्यांना वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. कारखान्यातून निवृत्त झालेल्या कितीतरी जणांना हे ठाऊकच नसतं.

तुमच्या आईच्या बाबतीत सरकारकडून खरा पैसा येतो तो पेन्शनमधून. ऐंशी पार केल्यावर पेन्शनमध्ये वयाप्रमाणे वाढ मिळते, फॅमिली पेन्शनलाही मिळते. केंद्राच्या पेन्शनरांना ८० ला २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला पूर्ण मूळ पेन्शनइतकी. राज्य सरकारची वाढ राज्याच्या आदेशांप्रमाणे मिळते. पण ही वाढ अनेक विधवा आयांना वर्षानुवर्षं मिळतच नाही, आणि कारण अगदी साधं आहे. वडिलांच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, आईची जन्मतारीखच लिहिलेली नसते. तारीख नाही म्हणजे कोषागाराच्या लेखी त्या ऐंशीच्या झालेल्याच नाहीत. या आठवड्यात पीपीओ काढून बघा. रकाना रिकामा असेल किंवा आधारपेक्षा वेगळी तारीख असेल, तर पॅन, आधार, शाळेचा दाखला यांपैकी जे आहे ते जोडून कोषागारात अर्ज द्या आणि मागील फरकही मागा.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आज पुण्यात किंवा सांगलीत घरात राहणाऱ्या मावशी, डायपर आणि किरकोळ वैद्यकीय सामान मिळून महिन्याला ४० हजार धरा. सांगलीत थोडं कमी लागेल, पण तिथे माणूस मिळणं अवघड, म्हणून आकडा तोच ठेवू. आईचं जेवण, नेहमीची औषधं, वीज-पाणी यांचे नऊ हजार. एकूण ४९ हजार. पेन्शनचे २४ हजार वजा केले की महिन्याची तूट २५ हजार. मी छत्तीस महिन्यांची तूट हाताशी आणि साठ महिन्यांची कुठून येईल हे ठरवलेलं, असं सांगतो. छत्तीस महिन्यांचे नऊ लाख. त्यात सुरुवातीच्या सामानाचे ५० हजार आणि वरच्या हिशेबासारखा दवाखान्यात खिशातून जाणारा वाटा म्हणून दीड लाख मिळवले की ११ लाख झाले. साठ महिन्यांना हाच आकडा १७ लाख होतो. मावशींचे दर दरवर्षी वाढतात हे खरं. निधीवरचं व्याज आणि पेन्शनवरचा महागाई भत्ता त्या वाढीत जिरतील असं धरा, वेगळं चक्रवाढ गणित करत बसू नका.

म्हणजे आईचे नऊ लाख आधीच आहेत, पहिल्या टप्प्याला दोन लाख कमी पडतात. पुढचे सहा लाख आज लागत नाहीत. आई तुमच्याकडे पुण्याला आल्या आणि सांगलीचा फ्लॅट आठ हजारांनी भाड्याने गेला, तर साठ महिन्यांत ४,८०,००० तिथूनच येतात. उरलेले तीन लाख वीस हजार पाच वर्षांत तुम्ही, आणि भावंडं असतील तर त्यांनी, मिळून घालायचे. हा आकडा ऐकून बहुतेकांना हायसं वाटतं. मनात पन्नास लाखांचं भूत असतं आणि कागदावर आणलं की ते आवाक्यात येतं.

पैसे ठेवायचे कुठे, यात व्याजापेक्षा मोठा मुद्दा आहे तो म्हणजे ते काढता आले पाहिजेत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ टक्के मिळतात. सहा लाख ठेवले तर दर तिमाहीला १२,३०० खात्यात येतील. पण त्या खात्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, मोडायचं तर पूर्ण खातं मोडावं लागतं. पहिल्या वर्षानंतर दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का कपात होते. म्हणून सहा लाखांचं एक खातं न उघडता दोन-दोन लाखांची तीन उघडा. उरलेले तीन लाख बँकेत लाख-लाखाच्या एफडीत, आई आणि तुम्ही ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल, अशा जोडनावावर. बचत योजनेचं खातं मात्र जोडीदाराखेरीज कोणाबरोबर जोडनावाने होत नाही, त्यामुळे सगळे पैसे तिथे कोंडू नका. व्याज ज्या बचत खात्यात जमा होतं त्या खात्यावर तुमचं नाव असू द्या.

हे मी इतकं ताणून सांगतोय त्याला कारण आहे. आईचं शरीर थकलं आणि सही थरथरली, तर बँकेत अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा माणूस असतो. बँकेला कळवून कर्मचारी घरी बोलावता येतो. पण स्मृतिभ्रंश झाला, समजून-उमजून संमती देण्याची स्थिती राहिली नाही, तर अंगठाही चालत नाही. आणि त्या दिवसापासून तुमच्या नावाचं मुखत्यारपत्रही टिकत नाही, कारण ज्याने अधिकार दिला त्याची समज गेली की आपल्याकडे ते संपतं. मग कोर्टाकडून पालक नेमून घेणं उरतं. वकील, मेडिकल बोर्ड, महिनोनमहिने. आईच्याच नावाने पाच लाख पडलेले आणि मुलगी सोनं गहाण ठेवून मावशींचा पगार करतेय, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे जोडनाव आणि नामांकन ही कामं आई स्वतः बँकेत चालत जाऊ शकतेय तोवरच उरकायची.

फ्लॅटबद्दल तीन गोष्टी. तो तिच्या हयातीत बक्षीसपत्राने कोणाच्या नावावर करू नका, मृत्युपत्र पुरेसं आहे. काही कारणाने बक्षीसपत्र करावंच लागलं, तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ असं त्यात स्पष्ट लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ती अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं, आणि अट लिहिलेली असली की ते सोपं जातं. तिसरं, रिव्हर्स मॉर्गेज. बँक घरावर दरमहा कर्ज देते, परतफेड माणूस गेल्यावर. ते स्वतः राहत असलेल्या घरावरच मिळतं. आई पुण्याला आल्या की सांगलीच्या फ्लॅटवर तो पर्याय राहत नाही. सांगलीतच राहणार असतील आणि भावंडांत एकमत असेल तर जरूर विचार करा.

करात थोडा दिलासा आहे, पण जुन्या करप्रणालीतच. आईला ८० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा सरकारी दाखला मिळाला आणि तिचा खर्च तुम्ही करत असाल, तर ‘८०डीडी’ म्हणून ओळखली जाणारी सव्वा लाखाची वजावट मिळते. ३० टक्क्यांच्या टप्प्यात त्याने सेस धरून ३९ हजार वाचतात. दाखला सिव्हिल हॉस्पिटलमधून मिळतो. नव्या करप्रणालीत तुमचा कर याहून कमी येत असेल तर यासाठी जुनी धरू नका. सीएकडून दोन्ही बाजू मांडून घ्या.

अंथरुणाच्या रुग्णांना ठेवून घेणाऱ्या केंद्रांचा पर्यायही कधीतरी समोर येईल. त्यांची फी घरच्या खर्चाइतकी किंवा जास्त पडते आणि विम्यात ती बसत नाही, कारण तिथे मिळतो तो रोजचा सांभाळ, आणि तो `Excl05` ने बाहेर ठेवलेला आहे. पैसे भरण्याआधी दोनच गोष्टी विचारा. अनामत परत कधी आणि किती कापून मिळते, आणि रात्री आजारी पडल्या तर दवाखान्यात कोण नेतं. बघायला जाल ते दुपारी चारला, न कळवता जा. खोलीत शिरताच वास कळतो. कुणाची चादर हळूच वर करून टाचा आणि माकडहाडाची जागा बघू देत असतील, तर तिथे कुशी बदलतात की नाही हे दिसेल. लालसर डाग दिसले तर पुढे बोलू नका.

घरीच सांभाळायचं ठरलं तर खाट आणि हवेची गादी लगेच विकत घेऊ नका. आपल्याकडे गावोगावी रुग्णोपयोगी साहित्य देणाऱ्या संस्था आहेत, अनामत ठेवून नाममात्र भाड्याने खाट, वॉकर, कमोड चेअर मिळते. आणि ब्युरोशी करार करताना बदली मावशींचा दर लेखी घ्या. गणपतीत आणि दिवाळीत मावशी गावी जातात, त्या आठ-दहा दिवसांत बदलीची ड्युटी दीडपट-दुप्पट पडते. वर्षातून एवढे वीस दिवस धरून दहा-बारा हजार वेगळे ठेवा. वरच्या चाळीस हजारांत मी ते धरलेले नाहीत.